रेझ्युमे तारखांप्रमाणे लिहायचा की कामांप्रमाणे? पाच वेगळ्या कामांतून माझा कसा बनला ते सांगते

ज्यांचं करिअर एका रेषेत गेलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला हवी होती तेव्हा अशी माहिती एका जागी सापडली नव्हती. आधी माझी पार्श्वभूमी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सांगली भागातली. 2011 ला बीएस्सी केमिस्ट्री झालं आणि त्याच हंगामात साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हंगामी केमिस्ट म्हणून लागले, 2011-12 ते 2013-14 असे सीझन तिथे काढले. मग क्लासमध्ये नववी-दहावीला सायन्स शिकवलं, मार्च 2016 पर्यंत. ऑगस्ट 2016 पासून मे 2019 पर्यंत एका डेअरीत क्वालिटी लॅब. मग मुलगा झाला, दोनेक वर्षं घरी होते, त्यात घरून शेतीविषयक माहितीपत्रकांची इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून दिली. 2021 पासून एका संस्थेत, बचत गटांच्या बायकांचे हळद, गूळ पावडर, पापड असे छोटे प्रक्रिया उद्योग उभे करायचं काम.

2024 मध्ये एक जाहिरात दिसली, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी 'प्रशिक्षण आणि गुणवत्ता समन्वयक' हवा. वाचलं आणि वाटलं की हे तर माझंच काम आहे. पण माझा जुना रेझ्युमे नेहमीचा, म्हणजे सगळ्यात अलीकडची नोकरी वर आणि मागे मागे जात खाली. तो वाचणाऱ्याला काय दिसणार, तर संस्था, भाषांतर, डेअरी, क्लास, साखर कारखाना. पाच ओळी आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. त्यातल्या बहुतेक ठिकाणी मी जवळपास एकच गोष्ट केली होती, माल तपासायचा आणि तो कसा तपासायचा ते दुसऱ्याला शिकवायचं, पण तारखांच्या यादीत हे कुठेच दिसत नव्हतं.

म्हणून दुसरा पर्याय बघितला, ज्याला फंक्शनल रेझ्युमे म्हणतात. त्यात नोकऱ्या बाजूला ठेवून कामाच्या प्रकारानुसार मथळे करायचे, 'गुणवत्ता तपासणी', 'प्रशिक्षण', 'कागदपत्रं व परवाने', आणि प्रत्येकाखाली सगळ्या नोकऱ्यांमधलं काम एकत्र लिहायचं. नोकऱ्यांची नावं शेवटी एका छोट्या यादीत, बरेच जण तर तारखाही घालत नाहीत. मी ठरवून दोन्ही बनवले, तारखांचा एक आणि कामांचा एक, दोन्ही इंग्रजीतच अर्थातच, आणि माझा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत एचआरमध्ये आहे त्याला पाठवले.

तो म्हणाला, "अगं, हा कामांचा वाचायला छान वाटतो, पण माझे डोळे लगेच खाली गेले तारखा शोधायला. तारखा नीट नाही दिसल्या की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हिनं काय लपवलंय?" मी म्हटलं, "दादा, लपवण्यासारखं काहीच नाही माझं." तर म्हणाला, "मला माहितीये, पण माझ्यासमोर दिवसाला ढीगभर येतात, मी प्रत्येकाला फोन करून विचारत नाही बसणार." आणि त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. 'प्रशिक्षण' खाली मी लिहिलं होतं की संकलन केंद्रांवरच्या लोकांना चाचण्या शिकवल्या, गटांना पॅकिंग शिकवलं, विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवलं. तो म्हणाला, यातलं कुठलं कुठे, किती वर्षं, आणि कधी? दहा वर्षांपूर्वीचं की गेल्या वर्षीचं? वाचणाऱ्याला ते कळत नाही आणि कळलं नाही की तो कमीतलं कमी धरतो.

कामांच्या रचनेचा खरा तोटा हाच आहे असं मला आता वाटतं. काम त्याच्या जागेपासून तोडलं की त्याचं वजन जातं. 'दूध तपासणी' ही तीन वर्षं रोज केलेली असू शकते किंवा कॉलेजात एकदा प्रॅक्टिकलला केलेली, मथळ्याखाली दोन्ही सारखीच दिसतात.

पण तारखांच्या रचनेचा तोटाही खरा होता. दादाला तारखांच्या रेझ्युमेबद्दल विचारलं की हे वाचून मी काय काम करते असं वाटतं, तर म्हणाला, "एनजीओवाली." बस. केमिस्ट्री, लॅब, डेअरी काहीही त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, कारण ते पहिल्या पानाच्या तळाशी आणि दुसऱ्या पानावर होतं.

मग एक रविवार बसून मी कागदावर एक तक्ता केला, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथे झाला. आडव्या ओळी म्हणजे पाच ठिकाणं, उभे रकाने म्हणजे कामाचे प्रकार. मी चार रकाने घेतले: तपासणी, शिकवणं, नोंदी आणि परवाने, माणसं सांभाळणं. अट एकच ठेवली, चौकोनात विशेषण लिहायचं नाही, घडलेली गोष्ट लिहायची. 'उत्तम संवादकौशल्य' चालणार नाही, काय केलं, कुणासाठी केलं, त्याने काय बदललं, एवढं लिहिता आलं तरच चौकोन भरायचा नाहीतर रिकामा सोडायचा.

तपासणीचा रकाना भरत गेला. कारखान्यात रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेले घन पदार्थ, आणि पोल, म्हणजे त्यातली साखर, काढून प्युरिटी द्यायची, शिवाय उसाचा चोथा म्हणजे बगॅस आणि रस गाळून उरलेला गाळ म्हणजे प्रेसमड यांचा पोल, कारण साखर कुठे वाया जातेय ते त्यावरून कळतं, हे शिफ्टमध्ये ठरलेल्या वेळाने अखंड चालू असतं. डेअरीत फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, आणि भेसळीच्या चाचण्या. संस्थेत हळदीचा ओलावा, कारण नीट न वाळलेली हळद दळून पॅक केली की काही आठवड्यांत गुठळ्या होतात आणि बुरशी धरते, मग सगळा लॉट परत येतो. म्हणजे पाचपैकी तीन ओळी भरल्या आणि त्यातली एक आत्ताची.

शिकवण्याचा रकाना: क्लास, डेअरी, संस्था, परत तीन. नोंदी आणि परवान्यांच्या रकान्यात कारखान्याचं लॅब रजिस्टर आणि संस्थेतलं काम, म्हणजे गटांची एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबलवर बॅच नंबर, वजन, उत्पादनाची तारीख वगैरे बघणं आणि पीएमएफएमई योजनेचे अर्ज (ही 2020 ला आलेली केंद्राची योजना, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, कर्जाला जोडून). पण रजिस्टर लिहिणं आणि सरकारी अर्ज भरणं या तशा वेगळ्या गोष्टी, एका मथळ्याखाली ओढूनताणून बसवल्यासारखं वाटलं. माणसं सांभाळणं हा रकाना फक्त संस्थेच्या ओळीत भरला. भाषांतराची ओळ जवळजवळ रिकामी राहिली.

हा तक्ता बघितल्यावर उत्तर दिसतं. एखादा रकाना वरून खाली तीनेक ठिकाणी भरला असेल आणि त्यात अलीकडचं एक ठिकाण असेल तर तो धागा खरा आहे, त्याचा मथळा करता येतो. रकाना एकाच ओळीत भरला असेल तर तो त्या नोकरीचा भाग आहे, मथळा केला तर पोकळ वाटणार. आणि तक्ता तिरका भरला, म्हणजे प्रत्येक नोकरीत वेगळाच रकाना, तर मग कामांच्या रचनेचा नाद सोडून द्यावा, सरळ तारखांप्रमाणे लिहावं आणि वर दोन ओळींत आता काय करायचंय ते सांगावं. माझ्या एका मैत्रिणीचा तसा निघाला, बँकेत काउंटर, मग ब्यूटी पार्लर, मग शाळेत क्लार्क, तिने कितीही मथळे लावले असते तरी प्रत्येकाखाली एकच ओळ आली असती. तिच्या केसमध्ये शाळेची नोकरी वर येणं हेच फायद्याचं होतं कारण तिला परत ऑफिसचंच काम हवं होतं.

अलीकडचं ठिकाण का हवं तेही सांगते. कारखान्यातलं रसातली साखर मोजायच्या पोलरीमीटरचं काम मला आवडायचं, मी ते वर आणणार होते. पण ते 2014 ला संपलं. वर आणलं की समोरचा विचारणार आत्ता जमतं का, आणि आत्ता हात लावून दहा वर्षं झालीत. म्हणून त्याचा तपशील खालच्या यादीत कारखान्याच्या ओळीतच ठेवला, आणि वर तपासणीच्या मथळ्याखाली पहिली ओळ हळदीची, मग दुधाची, शेवटी रसाची. मथळ्याच्या आतसुद्धा क्रम अलीकडून मागे, हे सहसा कुणी सांगत नाही.

शेवटी जे बनवलं ते मिश्र. दोन पानं. वर नाव, फोन, दोन ओळींचा परिचय. मग पहिल्या पानाच्या साधारण अर्ध्या भागात 'निवडक काम' आणि त्यात फक्त दोनच उपमथळे, अन्न गुणवत्ता तपासणी आणि प्रशिक्षण, कारण जाहिरातीत हेच दोन शब्द होते आणि माझ्या तक्त्यात हेच दोन रकाने भरलेले होते. त्याखाली संपूर्ण नोकऱ्यांची यादी महिना-वर्षासकट, अलीकडची आधी. परवान्यांचं काम संस्थेच्या नोंदीत गेलं, माणसं सांभाळणंही तिथेच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वरच्या ओळी लिहिण्यात. नियम केला की प्रत्येक ओळीच्या शेवटी ठिकाण आणि वर्षं आलीच पाहिजेत. म्हणजे ओळ वर असली तरी तिची दोरी खालच्या यादीला बांधलेली राहते, दादाने जे म्हटलं होतं कुठे-कधी, त्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं. एक उदाहरण देते. कामांच्या पहिल्या आवृत्तीत होतं, 'दूध गुणवत्ता तपासणीचा आणि ग्रामीण प्रशिक्षणाचा व्यापक अनुभव'. आता याच्यामागे खरी गोष्ट काय होती, तर गावच्या संकलन केंद्रावर दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचं रीडिंग आणि आमच्या लॅबचं रीडिंग जुळायचं नाही, गवळी वैतागायचे, पाणी घातलंय म्हणून दूध नाकारलं की भांडणं. तिथे जाऊन बघितलं तर धारा काढून लगेच आणलेलं कोमट दूध तसंच मोजत होते. दूध कोमट असलं की घनता कमी लागते, रीडिंग कमी येतं, म्हणून तापमान बघून दुरुस्ती करून रीडिंग धरावं लागतं. थर्मामीटर होते, वापरत कुणी नव्हतं. मी केंद्रांवर जाऊन ते करून दाखवलं, दुरुस्तीचा तक्ता मराठीत लिहून भिंतीवर लावला, त्यानंतर तक्रारी कमी झाल्या.

मग ओळ अशी झाली: 'संकलन केंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांना लॅक्टोमीटर रीडिंगची तापमान दुरुस्ती शिकवली, मराठी तक्ता तयार केला, केंद्र आणि लॅब यांच्या रीडिंगमधला फरक कमी झाला. (डेअरी, 2016-19)'. लांब झाली, पण यात एकही शब्द असा नाही ज्याबद्दल विचारलं तर मला सांगता येणार नाही. टक्केवारी घातली नाही कारण तेव्हा कुणी मोजली नव्हती, आकडा फक्त तिथे दिला जिथे कागद आहे, जसं नोंदणी झालेल्या गटांची संख्या, ती संस्थेच्या वार्षिक अहवालात छापलेली आहे.

इथे एक अडचण येते जी मिश्र रचनेत सगळ्यांना येईल. लॅक्टोमीटरची गोष्ट तपासणीत घालायची की प्रशिक्षणात? दोन्हीकडे बसते. दोन्हीकडे घातली तर वाचणाऱ्याला वाटतं हिच्याकडे एकच गोष्ट आहे. मी एकदाच घातली, प्रशिक्षणात, कारण तपासणीकडे माझ्याकडे भरपूर होतं आणि क्लासमधल्या शिकवण्याला या नोकरीत तेवढी किंमत नव्हती, तेव्हा तो मथळा दुबळा होता. आणि खाली डेअरीच्या नोंदीत ती परत लिहिली नाही, तिथे फक्त पद, रोजच्या चाचण्या आणि लॅबमधली जबाबदारी असं दोन ओळींत. वर जे आलं ते खाली परत नाही, नाहीतर दोन पानांची तीन होतात.

हंगामी नोकरी कशी दाखवायची याचाही गोंधळ होता. कारखाना साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, मग प्रत्येक सीझनची वेगळी नोंद केली तर मधे मधे भोकं दिसतात आणि सारखी नोकरी सोडल्यासारखं वाटतं. मी एकच नोंद केली, 'लॅब केमिस्ट (हंगामी), गाळप हंगाम 2011-12 ते 2013-14'. 'हंगामी' शब्द गाळायचा नाही, कारण अनुभवाच्या दाखल्यावर तो आहे आणि पडताळणीत तो निघणारच.

पडताळणीवरून आठवलं, तारखा लिहायच्या आधी ईपीएफओच्या साइटवर यूएएन म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर टाकून सर्व्हिस हिस्टरी बघून घ्या. तिथे प्रत्येक कंपनीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि बऱ्याच कंपन्यांचे बॅकग्राउंड चेकवाले तेच बघतात. डेअरी सोडल्याचा महिना मी मनाने जून धरला होता, तिथे मे होता, रिलीव्हिंग लेटरवरही मे. यूएएन 2014 ला आला त्यामुळे कारखान्याचं जुनं पीएफ खातं माझ्या यादीत दिसत नाही, क्लासला तर पीएफच नव्हता, त्या दोन्हींसाठी दाखले स्कॅन करून ठेवले. कामांच्या रचनेत तारखा नसतात म्हणून हा प्रश्न टळतो असं वाटतं, पण टळत नाही, ऑफर लेटरनंतर फॉर्म येतोच आणि तेव्हा महिना-वर्ष भरावंच लागतं.

घरी असलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न बायकांना हमखास असतो आणि बऱ्याच जणी फक्त त्यासाठी कामांची रचना निवडतात. माझं मत स्पष्ट आहे, तेवढ्यासाठी नका निवडू. गॅप तर दिसतोच, वर लपवल्याचा संशय येतो. मी यादीत इतर नोंदींसारखीच नोंद केली, 'जून 2019 – 2021: मुलाच्या संगोपनासाठी विराम, याच काळात शेतीविषयक माहितीपत्रकांचं मराठी भाषांतर (घरून)'. एक ओळ, कारणांचा पाल्हाळ नाही. त्या ओळीचा पुढे उपयोग झाला, मुलाखतीत त्यांनी विचारलं की प्रशिक्षणाचं साहित्य मराठीत कोण बनवणार, आणि मला सांगता आलं की तेही केलंय.

आता कॉम्प्युटरचा भाग. बऱ्याच ठिकाणी रेझ्युमे अपलोड केला की सॉफ्टवेअर तो वाचून फॉर्मचे रकाने आपोआप भरतं, कंपनी, पद, कधीपासून, कधीपर्यंत. माझी निव्वळ कामांची आवृत्ती अशा एका पोर्टलवर टाकून बघितली तर कंपनीच्या जागी 'प्रशिक्षण' आलं आणि तारखा कोऱ्या. मिश्र आवृत्ती टाकली तेव्हा खालच्या यादीतल्या चार नोकऱ्या नीट उचलल्या गेल्या, भाषांतराची ओळ हाताने भरावी लागली. घरच्या घरी बघायचा सोपा मार्ग म्हणजे पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. तिथे जो क्रम दिसतो साधारण तोच मशीनला दिसतो. माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये दोन कॉलम होते, डावीकडे कामं, उजवीकडे तारखा, दिसायला मस्त, नोटपॅडमध्ये सगळ्या तारखा एकाखाली एक शेवटी जाऊन बसल्या. मग एकच कॉलम, टेक्स्ट बॉक्स नाही, टेबल नाही, आणि नोकऱ्यांच्या यादीला साधं प्रचलित नाव, वर्क एक्स्पीरियन्स. कल्पक मथळे करायचेच असतील तर ते वरच्या भागात करावेत, यादीच्या मथळ्याशी खेळू नये.

दादाला नवीन पाठवला आणि तोच प्रश्न विचारला, मी काय काम करते असं वाटतं? म्हणाला, "फूड क्वालिटीवाली, गावात जाऊन शिकवणारी. आणि आता तारखा पण सापडल्या." मला तेवढंच हवं होतं. मुलाखतीला बोलावलं तेव्हा समोर माझ्या रेझ्युमेचं पहिलं पान होतं आणि लॅक्टोमीटरच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती, सुरुवात तिथूनच केली त्यांनी.

ती नोकरी मिळाली, आता तिथेच आहे. पण त्याच महिन्यात आणखी एका ठिकाणी अर्ज केला होता, एका डेअरीत क्वालिटी ऑफिसर, आणि त्यासाठी मी मिश्र रचना वापरली नाही. जाहिरातीत सरळ होतं, दूध तपासणीचा किमान 2 वर्षं अनुभव. तिथे वाचणारा दुसरं काहीच शोधत नव्हता. 'निवडक काम' काढून टाकलं, तारखांप्रमाणे यादी ठेवली, संस्थेच्या नोंदीत फक्त हळद आणि गुळाच्या तपासणीच्या ओळी वर घेतल्या आणि डेअरीच्या नोंदीला चार ओळींची जागा दिली, क्लासला एक. डेअरी दुसऱ्या पानावर जाऊ नये म्हणून भाषांतराची नोंद विरामाच्या ओळीतच ठेवली, आणि परिचयाच्या पहिल्याच वाक्यात दूध तपासणीची वर्षं लिहिली. तिथूनही फोन आला होता, त्यांचा पहिला प्रश्न होता की भेसळीच्या कुठल्या कुठल्या चाचण्या स्वतः करता, प्रशिक्षणाबद्दल एक शब्द नाही.